आजींच्या कानावर काय पडलं, ते आधी ठरवा

परदेशी घरात वर्षभर राहायला गेलेली विद्यार्थिनी, त्या घरातल्या आजी आणि चुकीचा उच्चारलेला एक जपानी अभिवादनाचा शब्द, एवढ्या सामग्रीवर कथा लिहावी असं पुष्कळांना वाटतं. सामग्री चांगली आहे. पण लिहून होते ती बहुतेक वेळा अशी: मुलगी काहीतरी भलतंच बोलते, आजी तोंडावर हात ठेवून हसतात आणि त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमते. आजी नेमक्या कशाने विरघळल्या, हे वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही. खरं तर लेखकानेही ते ठरवलेलं नसतं. चूक गोड होती, मुलगी निरागस होती, एवढ्यावरच त्याने काम भागवलेलं असतं.

या कथेत दोन गोष्टींची चौकशी वेगवेगळी करावी लागते. मुलीच्या तोंडून कोणती चूक साहजिकपणे होईल, ही पहिली. त्या चुकीत आजींच्या कानाला काय ऐकू येईल, ही दुसरी. पहिलीचं उत्तर मुलीच्या मातृभाषेत मिळतं आणि दुसरीचं आजींच्या माहेरात. दोन्ही उत्तरं एका शब्दावर येऊन भेटली की कथा उभी राहते. हे कसं करायचं ते एक कथा पहिल्यापासून बांधत पाहू. मुलीचं नाव केतकी ठेवू. ती नाशिकची, सोळा वर्षांची, आणि एका वर्षासाठी जपानला निघालेली आहे.

चूक शोधताना सगळ्यात आधी हाताशी येते ती ‘ओबासान’ आणि ‘ओबाआसान’ ही जोडी. ‘बा’ ऱ्हस्व ठेवला तर मावशी-काकू, लांबवला तर आजी. ऱ्हस्वदीर्घाचा फरक शिकवताना जपानीच्या वर्गात हेच उदाहरण हमखास येतं. आजींना चुकून मावशी म्हटलं आणि त्या खूश झाल्या, अशी कथा लिहिता येईल. पण जपानी शिकलेल्या वाचकाला तिचा शेवट पहिल्याच वाक्यात कळेल. शिवाय या चुकीचा परिणाम फार तोकडा आहे. आपल्याला तरुण समजल्याचा आनंद एका वाक्यात संपतो, त्यातून पुढे काही घडत नाही. कथेला पुढे नेणारी चूक हवी.

म्हणून मराठी तोंड जपानी शब्दांचं काय करतं, ते पाहा. मराठी माणसाला जपानीत बऱ्याच गोष्टी सोप्या जातात. ‘त्सु’ म्हणायला इंग्रजी बोलणाऱ्याची जीभ अडते, आपली अडत नाही. ‘इत्ते’ किंवा ‘गाक्को’ यांतलं द्वित्व आपण सहज म्हणतो. अडचण येते ती शब्दाच्या शेवटच्या ऱ्हस्व उकाराशी. तोक्योच्या प्रमाण बोलीत शेवटचा ‘सु’ बहुधा पुरता उच्चारत नाहीत. ओठ उकाराच्या तयारीत असतात, पण आवाज निघत नाही, नुसता ‘स’ ऐकू येतो. लिहितात ‘मासु’, म्हणतात ‘मास’. मराठीत नेमकं उलटं चालतं. ‘आणि’, ‘परंतु’ असे थोडे अपवाद सोडले तर शब्दाच्या शेवटचा इकार-उकार आपण दीर्घ लिहितो आणि दीर्घच बोलतो. वहीत कोणी ‘मासु’ लिहून दिलं असेल, तर केतकी ते ‘मासू’ असं वाचणार. मन लावून वाचलं तर जास्तच ठणठणीत वाचणार.

इथे एक काळजी घ्यावी लागते. पुण्यात-मुंबईत वर्गाला जाऊन जपानी शिकलेली मुलगी ही चूक करणार नाही, कारण ‘देस’ आणि ‘मास’ शिक्षक पहिल्या आठवड्यातच घोटून घेतात. तेव्हा केतकीला वर्गात बसवू नका. जायचं नक्की झाल्यावर हाती तीन-चार महिने होते, आणि मामेबहिणीने आपल्या वहीतली वाक्यं देवनागरीत उतरवून दिली, एवढं कारण पुरतं. ही वही कथेत एकदा दिसू द्या. चुकीचं मूळ वाचकाला ठाऊक असलं की चूक खरी वाटते आणि मुलगी बावळट ठरत नाही.

आता ‘मासु’ने संपणारं अभिवादन निवडायचं. ‘ओहायो गोझाइमासु’ चालेल, पण ते कोणी कोणालाही म्हणतं. केतकीसाठी ‘इत्तेकिमासु’ जास्त चांगलं. घरातून बाहेर पडताना मागे राहणाऱ्यांना उद्देशून हे म्हणतात, आणि घरातून उत्तर येतं ‘इत्तेराश्शाई’. ‘इत्तेकिमासु’ म्हणजे शब्दशः ‘जाऊन येते’. मराठी मुलीला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं, हे तिच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं असतं. जपानी घरातलं पहिलं वाक्य ती मनापासून बोलेल ते हेच, कारण त्यामागची रीत तिची स्वतःची आहे. ती मोठ्याने बोलेल, खात्रीने बोलेल आणि म्हणूनच चूक स्पष्ट ऐकू येईल.

केतकीची बाजू झाली. आता आजींकडे या.

क्योतो, ओसाका, कोबे हा जो कान्साईचा प्रदेश, तिथल्या बोलीत हा शेवटचा उकार तोक्योइतका गिळत नाहीत. ‘देसु’, ‘मासु’ यांतला ‘सु’ तिथल्या जुन्या माणसांच्या तोंडून बराच स्पष्ट ऐकू येतो. तोक्योच्या कानाला जी परदेशी मुलीची चूक वाटते, ती क्योतोच्या जुन्या कानाला तितकी परकी वाटत नाही. मग आजींचं माहेर क्योतोतल्या निशिजिनमध्ये, रेशमी विणकामाच्या वस्तीत ठेवा आणि त्यांचं सासर तोक्योच्या शेजारच्या चिबा प्रांतात. त्या आज ऐंशीच्या आसपास आहेत. १९६८ साली लग्न होऊन चिबाला आल्या. तोक्यो-ओसाका बुलेट ट्रेन १९६४ साली सुरू झाली होती, म्हणजे माहेर काही तासांवर होतं. तरी सासरच्या घरात, शेजारात, मुलाच्या शाळेत सगळे तोक्योच्या वळणाने बोलणारे. आजीही तसंच बोलू लागल्या. कोणी बळजबरी केली नव्हती. वर्षानुवर्षं जी बोली कानावर पडत नाही, ती तोंडातूनही येईनाशी होते.

क्योतो-ओसाकाकडच्या जुन्या माणसांची आणखी एक लकब कथेला फार उपयोगी पडते. बाहेर निघालेल्या माणसाला ती ‘इत्तेराश्शाई’ म्हणण्याऐवजी ‘ओहायो ओकाएरी’ म्हणतात. अर्थ असा, की लवकर परत या. ‘ओहायो’ हे मुळात ‘लवकर’ या अर्थाचंच रूप आहे. सकाळच्या अभिवादनातला ‘ओहायो’ही त्यातूनच आला. पण पाठ्यपुस्तकातून शिकलेल्याला हे ठाऊक नसतं. त्याच्या लेखी ‘ओहायो’ म्हणजे सकाळचा नमस्कार, आणि ‘ओकाएरी’ म्हणजे बाहेरून घरी आलेल्याला म्हणायचं ‘आलीस का’. दोन्ही एकत्र ऐकले की त्याचा गोंधळ उडतो.

कथेचा सांगाडा इथे तयार होतो. केतकी ‘इत्तेकिमासू’ म्हणते. आजी इतकी वर्षं सगळ्यांना ‘इत्तेराश्शाई’ म्हणत आल्या आहेत, पण आज त्यांच्या तोंडून ‘ओहायो ओकाएरी’ निघतं. केतकीची चूक आजींना घरची वाटते, आणि आजींचं घरचं बोलणं केतकीला चूक वाटतं. उलटसुलट झालेल्या या दोन ऐकण्यांवर कथा चालते.

एक मर्यादा मात्र पाळा. केतकी क्योतोची बोली बोलली, असं लिहू नका. क्योतोचा ‘सु’ आवाजी असला तरी ऱ्हस्वच असतो, केतकीचा दीर्घ आहे. सुरांचा चढउतारही वेगळा. जुळतो तो एकच आवाज, तोही अर्धवट. आजींना ती आपल्या गावची मुलगी वाटली, असं म्हटलं तर जाणकार वाचक तिथेच थांबेल. आजींनी काही विचार करण्याआधीच त्यांच्या तोंडून उत्तर निघून गेलं, एवढंच खरं मानता येतं. कथेला तेवढं पुरतं.

पुढची अडचण निव्वळ मराठी लेखकाची आहे. तुमच्या वाचकाला जपानी येत नाही. केतकीने ‘इत्तेकिमासू’ म्हटलं तर ते चुकलं हे त्याला कसं कळणार? तळटीप देऊ नका, कंसात अर्थ देऊ नका. बरोबर उच्चार वाचकाच्या कानावर आधीच घाला. कथेच्या पहिल्या पानावर सकाळची धांदल दाखवा. वडील निघतात, ‘इत्तेकिमास’ म्हणतात. आतून ‘इत्तेराश्शाई’ येतं. धाकटा शोता धावत निघतो, अर्धा शब्द दारातच सांडतो, ‘...किमास!’ पुन्हा ‘इत्तेराश्शाई’. आई नोकरीला निघते, तेच. तीनदा ऐकल्यावर वाचकाला त्या घराची लय पाठ होते. मग केतकी येते आणि शब्दाच्या टोकाला ‘सू’ लावते. वाचक आपोआप थबकतो.

यात छपाईचाही प्रश्न आहे. ‘मास’मधल्या ‘स’चा पाय मोडावा असं वाटेल, पण मोडू नका. मराठी वाचक शब्दाच्या शेवटचा अकार तसाही उच्चारत नाही, त्यामुळे ‘किमास’ वाचलं की हवा तोच उच्चार मिळतो. पाय मोडलेलं अक्षर मात्र नजरेला अडकतं आणि वाचक बरोबर शब्दालाच चुकीचा समजतो. नजर अडकायला हवी ती ‘सू’वर.

आता तो प्रसंग. केतकीच्या खांद्यावरून पाहत लिहा, आजींच्या मनात शिरू नका. आजींच्या मनात गेलात तर माहेरची आठवण, तरुणपण, विणकामाचे माग, सगळं सांगायचा मोह होईल आणि वाचकाला शोधायला काहीच उरणार नाही. कच्च्या खर्ड्यात प्रसंग साधारण असा उतरेल:

‘केतकी दाराशी खालच्या पायरीवर उतरली. बूट दाराकडे तोंड करून लावलेले होते. रात्री तिने ते कसेही काढून ठेवले होते, म्हणजे कोणीतरी वळवून ठेवले असणार. तिने बुटात पाय सारले, दप्तर खांद्यावर टाकलं आणि वहीतलं वाक्य मनात एकदा म्हणून घेतलं. स्वयंपाकघरात नळ चालू होता. नळाच्या आवाजावरून ऐकू जावं म्हणून ती जरा मोठ्यानेच म्हणाली, “इत्तेकिमासू!”

नळ बंद झाला.

आजी हात पुसत दारापर्यंत आल्या. रोज त्या आतूनच उत्तर द्यायच्या. त्यांनी केतकीकडे पाहिलं. “ओहायो ओकाएरी,” त्या म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर हातातल्या फडक्याची उगाच दोनदा घडी घातली.

केतकीला काय म्हणावं सुचेना. ओहायो तर उठल्याबरोबर झालं होतं. आणि ओकाएरी घरी आलेल्याला म्हणतात. आपण आलो कुठे, आपण तर निघालोय. ती “हाइ” म्हणाली, वाकली आणि दार ओढून घेतलं. बसथांब्यापर्यंत तिच्या मनात एकच होतं. आजींना सकाळ आहे की संध्याकाळ, हे कळतंय ना?’

या प्रसंगात एकाही भावनेचं नाव घेतलेलं नाही. बंद झालेला नळ, दारापर्यंत येणं आणि फडक्याची घडी, एवढ्यावरून वाचकाने ओळखायचं. आजी हसल्या, त्यांचे डोळे पाणावले, असं लिहिलं की कथा तिथेच संपते. वळवून ठेवलेले बूट मात्र राहू द्या. जपानी घरात उंबऱ्याशी बूट काढून ते दाराकडे तोंड करून ठेवण्याची रीत आहे. नव्या मुलीचे बूट कोणीतरी गुपचूप वळवून ठेवतं, यावरून त्या घरातलं तिचं स्थान कळतं. तरीही त्यावर टिप्पणी करू नका.

केतकीच्या मनातली ती शंका ही कथेची खरी गाठ आहे. आजींना विसर पडू लागलाय, अशी तिची समजूत होते. ती चांगल्या घरातली मुलगी आहे, तिलाही आजी आहे, म्हणून तिला गप्प राहवत नाही. संध्याकाळी ती तुटक्या जपानीत आईला सांगते, की सकाळी आजी मला ‘ओकाएरी’ म्हणाल्या. आई चिबाचीच. तिने हे बोलणं कधी ऐकलेलं नाही. तिचाही चेहरा उतरतो. ऐंशीच्या सासूबद्दल असं काही ऐकलं की कोणत्याही सुनेच्या मनात आधी आजारच येतो. रात्री दोघी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलतात आणि पलीकडच्या खोलीतल्या दूरदर्शनचा आवाज अचानक कमी होतो, एवढ्याने ताण पुरेसा येतो. इथे डॉक्टर, तपासणी असलं काही आणू नका. कथा लहान आहे, एका संध्याकाळीच ही भीती उठली आणि शमली पाहिजे.

ती शमवायला आजींचा मुलगा हवा. त्याचा जन्म १९७३ च्या सुमाराचा धरा. लहानपणी ऑगस्टमध्ये, पितरांच्या ओबोन सणाला, तो क्योतोला आजोळी जात असे. कामावरून उशिरा आल्यावर बायको त्याला काळजीने सांगते. तो बूट काढता काढता थांबतो. विचारतो, “नेमकं काय म्हणाली?” केतकी शब्द न् शब्द सांगते. तो म्हणतो, की मला तोफू आणायला धाडताना माझी आजी असंच म्हणायची. एवढंच. अर्थ त्याच्याकडून थोडक्यात वदवून घ्या, “लवकर परत ये, असं.” भाषाशास्त्र सांगायला त्याला बसवू नका. मराठी वाचकाला पुढचं कळायला काही लागत नाही. ‘येते हं’ म्हटल्यावर आतून आलेलं ‘लवकर ये गं’ त्याने जन्मभर ऐकलेलं असतं. केतकीच्या नाशिकच्या आजीचा इथे एका वाक्यात उल्लेख करावासा वाटेल. करू नका, वाचक तो स्वतः करतो.

कथेला जिभेबरोबर एक चवही द्या, म्हणजे आजींमधला बदल शब्दांच्या बाहेर दिसेल. यासाठी अंड्याची गुंडाळी उत्तम. चौकोनी तव्यावर पातळ थर देत गुंडाळलेलं अंडं जपानी डब्यात नेहमी असतं. तोक्योकडे त्यात साखर घालून ते गोड करतात. क्योतोकडे साखरेऐवजी ‘दाशी’, म्हणजे कोंबू या समुद्री शेवाळाचं आणि सुकवलेल्या बोनिटो माशाचं सार घालतात, त्यामुळे ते नरम आणि रसदार होतं. केतकीच्या डब्यातलं अंडं पहिल्या पानावर गोड असू द्या. तिला ते विचित्रही वाटू द्या. अंडं आणि साखर हा मेळ नाशिकच्या मुलीला पटकन पचणार नाही. त्या सकाळनंतर दोन दिवसांनी डबा उघडला, तर अंडं गोड लागत नाही. कोणी काही बोललेलं नसतं. जाणकार वाचकासाठी आणखी एक बारकावा घालता येईल: दाशीचं अंडं डब्यात पाणी सोडतं, म्हणून त्यात चिमूटभर बटाट्याचं सत्त्व मिसळतात. आजी वाटीत पांढरी पूड घोळतायत एवढं केतकीने सकाळी पाहिलं, की डब्यासाठी मुद्दाम केलेली खटपट दिसते.

यासाठी केतकी काय खाते, हे पहिल्या ओळीपासून ठरलेलं हवं. ती शाकाहारी ठेवली तर दाशीतल्या माशाचा प्रश्न उभा राहील, आणि तो इतका मोठा आहे की कथा त्याच्याच मागे जाईल. ती कथाही लिहिण्याजोगी आहे, पण ती वेगळी कथा.

काय गाळायचं, तेही सांगतो. जपानचं शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे तुमची कथा साकुराच्या बहरातच घडणार. झाडांचं एक वाक्य ठेवा आणि पुढे जा. आजींना किमोनो नेसवू नका. ऐंशीच्या आजी घरात पँट आणि वर स्वयंपाकाचा बाह्यांचा झगा घालून वावरतात. जपानी लोक शिस्तप्रिय असतात, नम्र असतात, असं कथाकाराने सांगू नये. परदेशी माणसाच्या दोन शब्दांवर जपानी लोक “निहोंगो जोझु” म्हणून कौतुक करतात, तेही या घरात फार नको. सगळेच कौतुक करत असतील, तर आजींचं दारापर्यंत येणं वेगळं उठून दिसणार नाही. आईने पहिल्या दिवशी तसं म्हटलं आणि केतकीला ते पोकळ वाटलं, एवढा उपयोग करून घ्या.

गाव निवडतानाही जपा. पुण्याच्या वाचकाला ओकायामा ओळखीचं, कारण पुण्यातल्या पु. ल. देशपांडे उद्यानाशी त्या शहराच्या मैत्रीचं नाव जोडलेलं आहे. म्हणून आजींचं माहेर ओकायामाला न्यावंसं वाटेल. पण ओकायामाची बोली कान्साईची नव्हे, आणि ‘ओहायो ओकाएरी’ तिथली ओळख नाही. तिथे नेलं तर सगळी गुंफण सुटेल. कथा चिबातून कान्साईत हलवणंही चालणार नाही, कारण तिथे आजूबाजूला तशीच बोली ऐकू येत असताना आजी एका मुलीच्या उच्चाराने थबकणार नाहीत. आजी आपल्या बोलीपासून दूर असणं आवश्यक आहे.

शेवटाकडे येताना लेखकासमोर दोन वाटा असतात. केतकीला आपली चूक कळणार, हे नक्की. शाळेतली मैत्रीण किंवा जपानीच्या शिक्षिका दोन आठवड्यांत सुधारतीलच. मग तिने आजींना आवडतं म्हणून मुद्दाम ‘मासू’ म्हणत राहावं का? पुष्कळ लेखक हा शेवट निवडतात, कारण तो प्रेमळ दिसतो. मला तो पटत नाही. त्यात सोळा वर्षांची मुलगी ऐंशीच्या बाईला खूश करण्यासाठी लहान मूल असल्यासारखं वागते, आणि आजींचा आनंद एका लबाडीवर उभा राहतो. शिवाय ती जपानी शिकायला आली आहे. तिला शिकू द्या.

दुसरी वाट मला जास्त खरी वाटते. एका सकाळी केतकी अगदी स्वच्छ ‘इत्तेकिमास’ म्हणते. तिला स्वतःलाच ते बरोबर जमल्याचं कळतं, आणि त्याच क्षणी आता आजी काय म्हणतील अशी धास्तीही वाटते. आता आजी काय म्हणतात, त्यावर सगळी कथा तोलली आहे. त्या ‘इत्तेराश्शाई’ म्हणाल्या, तर सगळी ओढ त्या एका चुकीच्या ‘सू’ची होती. त्या ‘ओहायो ओकाएरी’ म्हणाल्या, तर आता ते उत्तर केतकीसाठी आहे, उच्चारासाठी नाही. मी दुसरं निवडेन. त्याला जोडून आणखी एक गोष्ट करेन: आजींचं वाक्य संपायच्या आत शोता पायरीवर येतो आणि त्यालाही तेच वाक्य ऐकायला मिळतं. तो जन्मापासून त्या घरात आहे आणि आपल्या आजीचं हे बोलणं तो पहिल्यांदाच ऐकतोय. “काय म्हणालीस?” असं तो विचारतो आणि कथा थांबते. केतकीच्या चुकीमुळे नातवाला आपल्या आजीची बोली मिळाली, हे वाचकाला सांगायची गरज नाही.

लांबी दोन हजार शब्दांच्या आत ठेवा. अर्धी जागा पहिल्या सकाळला आणि त्याच संध्याकाळला द्या. मधले दिवस डब्यातल्या अंड्यासह अर्ध्या पानात उरका. आजींचा पूर्वेतिहास सगळा मिळून पाच-सहा वाक्यांपेक्षा जास्त नको, आणि तोही मुलाच्या तोंडून तुकड्यांनी आलेला.

खर्डा झाल्यावर दोन माणसांकडून तो तपासून घ्या. एकाला जपानीचा गंधही नसावा. त्याला पहिली दोन पानं मोठ्याने वाचून दाखवा आणि विचारा, केतकीचं बोलणं बाकीच्यांपेक्षा कुठे वेगळं वाटलं? त्याला ‘शेवटी’ असं सांगता आलं, तर बरोबर उच्चार कानावर नीट पडला आहे. सांगता आलं नाही, तर तीन ‘इत्तेकिमास’ एकमेकांपासून फार दूर पडलेत, ते जवळ आणा. दुसरा माणूस जपानी शिकवणारा असावा, आणि शक्य असेल तर क्योतो-ओसाकाकडे राहिलेला. त्याला फक्त आजींची वाक्यं वाचायला द्या. एकही वाक्य नाटकातल्या क्योतोच्या बाईसारखं वाटलं, तर काढून टाका. आजींच्या तोंडी जुन्या बोलीचं एकच वाक्य आहे, बाकी त्या चिबाचंच बोलतात.

आणि हस्तलिखित संपादकांकडे पाठवताना समासात ठळक लिहा, की ‘किमास’ आणि ‘किमासू’ हे दोन्ही उच्चार मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. नाहीतर मुद्रितशोधक आपलं काम चोख करील, सगळीकडे एकच रूप ठेवील, आणि छापून आलेल्या अंकात केतकीची चूक सापडणार नाही.